"आधीची नोकरी का गेली?" या प्रश्नावर मुलाखत दर वेळी अडकते तेव्हा

नोकरी गेलेल्या उमेदवाराची मुलाखत बहुतेक वेळा एकाच जागी बिघडते. कामाचे प्रश्न नीट जातात, समोरचे मान डोलावतात आणि मग कोणीतरी विचारतं, "तिथून का सोडलं?" त्यानंतर खोलीतलं वातावरण बदलतं. दुसऱ्या मुलाखतीत तेच, तिसऱ्या मुलाखतीत तेच. उमेदवाराला वाटतं की नोकरी गेली हाच आपला दोष आहे आणि तो काही आता दुरुस्त होणार नाही. प्रत्यक्षात अडचण नोकरी जाण्यात कमी असते. कागद एक सांगतात आणि तोंड दुसरं, किंवा उत्तर संपतच नाही, या दोन ठिकाणी ती जास्त असते. दोन्ही गोष्टी दुरुस्त होतात.

हे लेखन दोन प्रकारच्या उमेदवारांसाठी आहे: कपातीत नोकरी गेलेल्यांसाठी आणि कामगिरीच्या कारणावरून काढलेल्यांसाठी. गैरवर्तनाचा ठपका असेल तर शेवटचा भाग आधी वाचा.

लक्षणं

- तांत्रिक फेरी चांगली होते, एचआरच्या फेरीनंतर फोन येत नाही.
- नोकरी सोडण्याच्या एका प्रश्नाला पाठोपाठ चार-पाच उपप्रश्न येतात. "म्हणजे नक्की काय झालं?" हे निदान दोनदा विचारलं जातं.
- तुमचं उत्तर दोन मिनिटांच्या पुढे जातं आणि समोरचे लिहायचे थांबून तुमचा बायोडेटा पुन्हा चाळू लागतात.
- ऑफर हातात येते, पण बॅकग्राउंड व्हेरिफिकेशननंतर ती "होल्डवर" जाते किंवा मागे घेतली जाते.
- "सोडण्याचं कारण" हा रकाना तुम्ही प्रत्येक अर्जात वेगळा भरला आहे.

शेवटची दोन लक्षणं असतील तर बिघाड कागदांत आहे. दुसरं आणि तिसरं असेल तर उत्तरात आहे. फक्त पहिलंच असेल तर दोन्ही तपासा. आणि मुलाखतीचं बोलावणंच येत नसेल, तर हा बिघाड नव्हे. तिथे बायोडेटा किंवा अर्ज करण्याची पद्धत बघायला हवी, खालचं काही उपयोगी पडणार नाही.

पहिली तपासणी: कागद एकमेकांशी जुळतात का (खर्च शून्य, वेळ अर्धा तास)

उत्तर सुधारण्याआधी हे करा, कारण कागद चुकीचे असतील तर चांगलं उत्तरसुद्धा खोटं ठरतं.

टेबलावर किंवा फोनच्या स्क्रीनवर पाच गोष्टी शेजारी ठेवा: रिलीव्हिंग लेटर किंवा सेवासमाप्तीचं पत्र, शेवटची पगारपावती, पीएफची सेवा-नोंद, बायोडेटा, आणि नोकरीच्या संकेतस्थळांवरची तुमची प्रोफाइल. कागदाच्या तुकड्यावर तीन रकाने आखा: पद, रुजू झाल्याची व शेवटच्या दिवसाची तारीख, सोडण्याचं कारण. प्रत्येक ठिकाणी काय लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवा.

पीएफची नोंद बहुतेक लोक बघतच नाहीत आणि व्हेरिफिकेशन करणारे तीच आधी बघतात. ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर यूएएन टाकून आत गेल्यावर `View` मध्ये `Service History` आहे. तिथे आधीच्या कंपनीतून बाहेर पडल्याची तारीख दिसायला हवी. ती रिकामी असेल तर नोंदीनुसार तुम्ही अजून तिथेच आहात. नव्या कंपनीचा पीएफ सुरू झाला की दोन नोकऱ्या एकावर एक दिसतात आणि कुणीतरी विचारतं, "तुम्ही तर नोकरी गेली म्हणाला होता ना?" आधी जुन्या कंपनीच्या एचआरला मेल करून तारीख भरायला सांगा. त्यांनी टाळाटाळ केली तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी `Manage` मधल्या `Mark Exit` मधून आधारच्या ओटीपीने ती तुम्हाला स्वतः भरता येते. भरताना पत्रावरची तारीख बघूनच भरा. एकदा भरलेली तारीख सहज बदलत नाही.

नेहमी सापडणाऱ्या चुका तीन. बायोडेटात शेवटचा महिना पुढे ढकललेला असतो, म्हणजे रिकामा काळ कमी दिसावा म्हणून एप्रिलऐवजी जून लिहिलेला असतो. प्रोफाइलवर अजून "आजपर्यंत" असतं. आणि पद एक पायरी वरचं लिहिलेलं असतं, कारण काम खरोखरच टीम लीडचं होतं पण पत्रात एक्झिक्युटिव्ह आहे. तिसऱ्या बाबतीत पत्रातलं पद लिहा आणि खाली कामाच्या ओळीत "पाच जणांच्या टीमचं काम पाहिलं" असं लिहा. तेवढंच सत्य आहे आणि तेवढं पुरतं.

प्लेसमेंट कन्सल्टंटबद्दल इथेच सांगायला हवं. नागपूरच्या सीताबर्डी-धरमपेठेतच काय, कुठल्याही गावात काही कन्सल्टंट सांगतात, "सर, कारणात बेटर ऑपॉर्च्युनिटी टाका, कोण बघतं?" बघतात. व्हेरिफिकेशनच्या फॉर्मवर तुमची सही असते. तो फॉर्म घेऊन एजन्सी जुन्या एचआरला पद, कालावधी, सोडण्याचं कारण आणि "पुन्हा घ्याल का" हे विचारते. तिथे खोटं सापडलं तर नोकरी गेल्याचं कारण बाजूला राहतं आणि खोटं बोलल्याचं कारण पुढे येतं. हे कारण रुजू झाल्यावर सहा महिन्यांनीसुद्धा काढून टाकायला पुरतं, कारण बहुतेक ऑफर लेटरमध्ये तसं कलम असतं. कन्सल्टंटला लेखी सांगा की कारण मी सांगतो तेच कळवा.

दुसरी तपासणी: नक्की काय झालं, ते एका वाक्यात सांगता येतं का

कागदावर एक वाक्य लिहा. त्यात कर्ता हवा, क्रियापद हवं आणि महिना हवा. "कंपनीने मार्चमध्ये माझं पद रद्द केलं." "कंपनीने जूनमध्ये कामगिरीच्या कारणावरून माझी सेवा समाप्त केली." "मेमध्ये प्रोबेशन संपल्यावर कंपनीने मला कायम केलं नाही." "करार ११ महिन्यांचा होता, तो कंपनीने ऑगस्टमध्ये वाढवला नाही." या चार गोष्टी वेगळ्या आहेत आणि ऐकणाऱ्याला चौघींचा अर्थ वेगळा कळतो. "तिथलं संपलं", "थोडा इश्यू झाला", "आमचं म्युच्युअली ठरलं" या वाक्यांतून काहीच कळत नाही, म्हणून उपप्रश्न येतात. उपप्रश्न म्हणजे तुमच्यावरचा संशय असतोच असं नाही. अनेकदा त्यांना फक्त रकान्यात भरायला एक शब्द हवा असतो.

कारखान्यातल्या उमेदवारांनी "ले-ऑफ" हा शब्द जपून वापरावा. आयटी पार्कातल्या कार्यालयात ले-ऑफ म्हणजे नोकरी गेली. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कारखान्यात कामगार कायद्यातला ले-ऑफ म्हणजे कच्चा माल, वीज किंवा ऑर्डर नसल्यामुळे तात्पुरतं काम न देणं. त्यात कामगार पटावर राहतो आणि त्याला साधारणपणे मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. कायमची कपात वेगळी, तिच्यासाठी नोटीस आणि भरपाईचे वेगळे नियम आहेत. कारखान्याच्या एचआरसमोर तुम्ही "मला ले-ऑफ दिला" म्हणालात तर त्याला वाटू शकतं की तुम्ही अजून तिकडच्या पटावर आहात आणि बोलावलं की परत जाल. "कपातीत नोकरी गेली, हिशोब पूर्ण झाला" असं सांगा.

सगळ्यात अवघड प्रकार मागून घेतलेल्या राजीनाम्याचा. पत्रावर "राजीनामा स्वीकारला" असं आहे आणि प्रत्यक्षात एचआरने समोर बसवून लिहायला लावला. अशा वेळी "मी राजीनामा दिला" एवढंच सांगणं कागदाशी जुळतं, पण पुढच्या प्रश्नाला तुम्ही अडखळता आणि ते दिसतं. "कामगिरीबद्दल बोलणं झालं, कंपनीने राजीनामा मागितला आणि मी दिला" हे कागदाशीही जुळतं आणि घडलं त्याच्याशीही. व्हेरिफिकेशनमध्ये जुना एचआर "राजीनामा" म्हणाला काय किंवा "काढलं" म्हणाला काय, तुमचं वाक्य दोन्हीकडे टिकतं. माझ्या मते या प्रकारात हे एकच वाक्य सुरक्षित आहे.

तिसरी तपासणी: उत्तर किती लांब आहे

फोनचं रेकॉर्डिंग चालू करा, स्वतःला प्रश्न विचारा आणि उत्तर द्या. घड्याळ बघा. ४० ते ५० सेकंद ठीक. ९० सेकंदांच्या वर गेलं तर उत्तर कुठे फुटतं ते ऐका. जवळजवळ नेहमी ते तिसऱ्या-चौथ्या वाक्यानंतर फुटतं, जिथे "खरं तर झालं असं की" सुरू होतं.

लांब उत्तराचं नुकसान दोन बाजूंनी होतं. जितका जास्त तपशील द्याल तितके नवे धागे समोरच्याच्या हाती लागतात, आणि पुढचे प्रश्न त्याच धाग्यांवर येतात. शिवाय ४० मिनिटांच्या मुलाखतीत दहा मिनिटं जुन्या नोकरीवर गेली तर तुमच्या कामाबद्दल बोलायला उरतं काय?

हेच रेकॉर्डिंग तीन भाषांत करा. नागपुरात मुलाखत इंग्रजीत सुरू होते, प्लांटचे साहेब आत आले की हिंदीत जाते आणि आडनाव ऐकून कुणीतरी मराठीत विचारतं, "का बरं सोडली मग?" इंग्रजीत पाठ केलेलं नेटकं उत्तर मराठीत आलं की सैल होतं. आपल्या भाषेत माणूस मोकळा होतो आणि सगळी तक्रार बाहेर पडते. मराठीतलं उत्तरही तेवढंच आखून ठेवा.

चौथी तपासणी: उत्तराचे भाग जागच्या जागी आहेत का

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू.

समजा, मिहानमधल्या एका मेडिकल बिलिंगच्या कार्यालयात तीन वर्षं काम केलेली उमेदवार आहे. अडीच वर्षं ती चार्ज एंट्रीला होती, म्हणजे अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या उपचारांची नोंद बिलात भरण्याचं काम. तिथे तिचा ऑडिट स्कोर ९७ टक्क्यांच्या वर होता. मग तिला विमा कंपन्यांनी नाकारलेल्या दाव्यांच्या टीममध्ये हलवलं. तिथे ९५ टक्के अचूकता लागायची, तिची ८९ आली. ६० दिवसांचा पीआयपी, म्हणजे सुधारणेची लेखी मुदत, मिळाली. अखेरीस ती ९३ला पोचली. कंपनीने एक महिन्याचा नोटीस-पगार देऊन जूनमध्ये सेवा समाप्त केली.

तिचं पहिलं उत्तर साधारण असं होतं: "आमचे मॅनेजर बदलले आणि नवीन मॅनेजरना त्यांची माणसं आणायची होती. मला दुसऱ्या टीममध्ये टाकलं, पण ट्रेनिंग नीट दिलं नाही. पॉलिटिक्स खूप होतं तिथे. मग मीच ठरवलं की आता बदल हवा."

यातला प्रत्येक शब्द तिला खरा वाटत असेल. पण शेवटचं वाक्य पत्राशी जुळत नाही, आणि तेवढ्यावर ऑफर जाऊ शकते. मॅनेजरबद्दलचं वाक्य तपासता येत नाही, म्हणून ऐकणारा ते उमेदवाराच्या स्वभावाच्या खात्यात टाकतो. ट्रेनिंगची तक्रार रास्त असू शकते. पण ज्याने उद्या तिला शिकवायचं आहे, त्याला ती इशाऱ्यासारखी ऐकू येते. शिवाय नागपूर लहान आहे. बिलिंगच्या कार्यालयांतले टीम लीड एकमेकांकडूनच आलेले असतात, कारखान्यांचे क्वालिटीवाले एकमेकांना ओळखतात. ज्या मॅनेजरला नावं ठेवली तो समोरच्याचा जुना सहकारी निघणं इथे अगदी शक्य आहे.

आता दुरुस्त केलेलं उत्तर:

"कंपनीने जूनमध्ये कामगिरीच्या कारणावरून माझी सेवा समाप्त केली. अडीच वर्षं मी चार्ज एंट्रीला होते, तिथे माझा ऑडिट स्कोर ९७च्या वर होता. नाकारलेल्या दाव्यांच्या टीममध्ये ९५ लागायचे, माझे ८९ होते. सुधारणेच्या ६० दिवसांत ९३ झाले, ९५ झाले नाहीत. माझी मुख्य चूक अशी होती की `CO-50` आलेला दावाही मी `CO-16`सारखा दुरुस्त करून परत पाठवायचे, तिथे डॉक्टरांच्या नोंदी जोडून अपील करायला हवं होतं. नंतर मी नेहमी येणाऱ्या ३० कोडचा तक्ता केला, कोणत्या कोडला काय करायचं त्याचा. तुमच्या जाहिरातीत एंट्री आणि फॉलोअप दोन्ही दिसलं; यात अपीलचं काम किती असतं?"

बोलायला पाऊण मिनिटाच्या आसपास लागतं. आता एकेक भाग कशासाठी आहे ते बघा.

पहिलं वाक्य सर्वांत अवघड, म्हणून ते पहिलं. वाईट बातमी समोरच्याला खोदून काढावी लागली तर ती लपवलेली वाटते. तीच तुम्ही आधी सांगितली तर पुढचं सगळं तो कमी संशयाने ऐकतो. "समाप्त केली" म्हणा आणि थांबा. श्वास घ्या. घाईने "पण" जोडू नका.

दुसरं ते चौथं वाक्य आकड्यांचं आहे. आकडे दोन्ही बाजूंचे हवेत. ९७ सांगून ८९ लपवलं तर उत्तर जाहिरात होते, ८९ सांगून ९७ विसरलं तर कबुलीजबाब. आकडा नसेल तर मोजता येणारं दुसरं काही सांगा: किती महिने, किती ऑर्डर, किती तक्रारी. मात्र क्लायंटचं नाव, रुग्णांची माहिती, आतले दर यांतलं काही सांगू नका. ते सांगितलंत तर समोरचा लगेच हिशोब करतो की उद्या आमचंही बाहेर सांगाल.

पाचवं वाक्य, चूक सांगणारं, या उत्तराचा कणा आहे. "मी कमी पडले" हे चालत नाही, ते कोणीही म्हणेल. चूक इतकी नेमकी हवी की त्या कामातल्या माणसाला ती ओळखता यावी. `CO-16` म्हणजे दाव्यात माहिती अपुरी, ती भरून परत पाठवायचा. `CO-50` म्हणजे विमा कंपनीला उपचार वैद्यकीयदृष्ट्या गरजेचा वाटला नाही. तिथे दावा पुन्हा पाठवून काही होत नाही, पुरावा द्यावा लागतो. नव्या माणसाकडून होणारी ही ओळखीची गफलत आहे. ऐकणाऱ्या टीम लीडला कळतं की हिला बिघाड कुठे होता ते माहीत आहे. जिला कारण सापडलंय तिच्याकडून ती चूक पुन्हा होण्याची शक्यता कमी, हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

सहाव्या वाक्यात दाखवता येईल अशी वस्तू हवी. तक्ता, प्रमाणपत्र, सरावाची फाइल, काहीही. पण "दाखवा" म्हटलं तर फोनवर उघडता आलं पाहिजे. "खूप शिकले" हे दाखवता येत नाही. अजून असं काही केलंच नसेल तर वाक्य रचू नका, आधी ते काम करा. चार-पाच संध्याकाळी पुरतात.

शेवटचा प्रश्न संभाषण पुढे नेतो, आणि बहुतेक उत्तरांत नेमका हाच भाग नसतो. उत्तर संपल्यावर शांतता राहिली की समोरचा त्याच विषयावरचा पुढचा प्रश्न शोधतो. तुम्ही त्याच्या कामाबद्दल प्रश्न टाकला की त्याला उत्तर द्यावं लागतं, आणि त्या क्षणी बोलणं नव्या जागेकडे वळतं. प्रश्न जाहिरातीतून किंवा त्यांच्या कामातूनच यायला हवा. "तुमचं कल्चर कसं आहे?" हा प्रश्न विषय बदलण्यासाठी विचारलाय हे लगेच कळतं. मागच्या चुकीला धरून पुढच्या कामात शिरणारा प्रश्न असला की विषय बदललाय असं वाटतच नाही.

कपातीचं उत्तर याहून सोपं आणि आखूड असतं: "बुटीबोरीच्या प्लांटमधली दुसरी लाइन मार्चमध्ये बंद झाली. आमच्या विभागातल्या १४ पैकी ९ जणांना कमी केलं, त्यात मी होतो. शेवटच्या महिन्यात लाइनचे गेज आणि कॅलिब्रेशनच्या नोंदी पहिल्या लाइनकडे सोपवून आलो. तुमच्याकडे कॅलिब्रेशन आत होतं की बाहेर पाठवता?" इथे स्वतःची चूक शोधून घालायची गरज नाही. कपातीत गेलेले पुष्कळ जण नम्रपणा म्हणून "माझंही कुठेतरी चुकलं असेल" म्हणतात आणि नसलेला दोष अंगावर घेतात. तसं करू नका.

पाचवी तपासणी: उपप्रश्नांना एकेक वाक्य तयार आहे का

चांगल्या उत्तरानंतरही एक-दोन प्रश्न येतातच. आले म्हणून उत्तर फसलं असं नाही.

"१४ पैकी तुम्हालाच का?" कंपनीने निकष सांगितला असेल तर तोच सांगा: नंतर आलेले आधी गेले, किंवा अख्खा विभाग गेला. निकष सांगितला नसेल तर "निकष आम्हाला सांगितले नाहीत, माझं शेवटचं मूल्यांकन असं होतं" म्हणा. अंदाज बांधू नका.

"ते तुम्हाला परत घेतील का?" याचं उत्तर माहीत असल्याशिवाय देऊ नका, ते कसं मिळवायचं ते पुढच्या तपासणीत आहे.

"इतके महिने काय केलं?" घरची जबाबदारी, आजारपण, शोध, अभ्यास, जे असेल ते एका वाक्यात. वडिलांच्या दुकानात बसलात तर तेच सांगा. रिकाम्या काळावर "फ्रीलान्सिंग" चिकटवलं की बिलं आणि ग्राहक विचारले जातात.

"म्हणजे तुम्हाला नवीन काम जमत नाही, असं समजायचं का?" हा प्रश्न टोचतो आणि मुद्दाम टोचण्यासाठीच विचारतात. वाद घालू नका, एक उलटं उदाहरण द्या: "चार्ज एंट्रीही मला नवीनच होती, तिसऱ्या महिन्यापासून मी टार्गेटवर होते. दाव्यांच्या कामाला मला जास्त वेळ लागला." खरं असेल तरच.

एकच प्रश्न तिसऱ्यांदा आला तर नवा तपशील देऊ नका. तेच वाक्य शांतपणे पुन्हा सांगा. तिसऱ्या वेळी उमेदवार काहीतरी वाढवून सांगतो आणि ते पहिल्याशी जुळत नाही. घसरण तिथेच होते.

सहावी तपासणी: जुने साहेब फोनवर काय सांगतील

ही तपासणी शेवटी, कारण यात जीव गोळा करून फोन करावा लागतो. पण वरचं सगळं ठीक असूनही ऑफर मागे जात असेल तर बिघाड इथेच आहे.

आधी एचआरला मेल करा: व्हेरिफिकेशनमध्ये माझ्या सोडण्याचं कारण आणि पुनर्नियुक्तीची पात्रता काय कळवली जाईल? सगळेच उत्तर देत नाहीत, पण आलेलं उत्तर लेखी राहतं. मग जुन्या साहेबांना किंवा मॅडमना फोन, दुपारच्या जेवणानंतर, पाच मिनिटांचा. "सर, मी मुलाखती देतोय. कामगिरीच्या कारणावरून काढलं हे मी स्वतःच सांगतो. तुम्हाला फोन आला तर तुम्ही काय सांगाल, ते मला आधी कळलं तर बरं होईल." कौतुक मागू नका. त्यांचं आणि तुमचं म्हणणं जुळावं एवढंच काम आहे. बहुतेक साहेबांना हे ऐकून हायसं वाटतं, कारण तुमच्यासाठी खोटं बोलावं लागेल याची त्यांनाही धास्ती असते.

ते फोन घेत नसतील किंवा कडवट असतील तर संदर्भासाठी दुसरा माणूस द्या: आधीच्या टीमचे लीड, दुसऱ्या विभागातले वरिष्ठ. मुलाखतीत आधीच सांगा, "शेवटच्या मॅनेजरऐवजी अडीच वर्षं ज्यांच्या हाताखाली होते त्यांचा नंबर देते." आपणहून सांगितलेलं खपतं.

कुठे थांबायचं आणि कोणाकडे जायचं

सेवासमाप्तीच्या पत्रात गैरवर्तन, फसवणूक, चोरी, छळ असे शब्द असतील, विभागीय चौकशी चालू असेल, पोलिसांत तक्रार किंवा न्यायालयात दावा असेल, तर वरची उत्तरं वापरू नका. मुलाखतीत बोललेलं किंवा फॉर्मवर लिहिलेलं एक वाक्यही पुढे तुमच्याविरुद्ध वाचलं जाऊ शकतं. कामगार कायद्याचं काम करणाऱ्या वकिलाकडून आधी ठरवून घ्या की काय बोलायचं, कुठे "प्रकरण प्रलंबित आहे" एवढंच म्हणायचं. बाहेर पडताना पैसे घेऊन समझोत्यावर सही केली असेल तर त्यातलं गोपनीयतेचं कलम त्यांना दाखवा. गरोदरपण, आजारपण किंवा लैंगिक छळाच्या तक्रारीनंतर लगेच काढलं असेल, तर मुलाखतीच्या तयारीच्याही आधी वकील.

पत्र किंवा हिशोब अडवून ठेवला असेल तर दोन लेखी स्मरणपत्रं द्या, तिसरं लिहीत बसू नका. कामगार श्रेणीत असाल तर नागपूरच्या कामगार आयुक्त कार्यालयात जा. उशीर करू नका, दाद मागायला मुदती असतात. पीएफमध्ये तारीख चुकीची पडली असेल आणि कंपनी दुरुस्तीवर सही देत नसेल, तर ईपीएफओच्या `EPFiGMS` पोर्टलवर तक्रार नोंदवा.

प्रश्न ऐकताच छाती धडधडते, बोलताना रडू येतं, आठवडेच्या आठवडे झोप लागत नाही, तर हा उत्तराचा बिघाड राहिला नाही आणि सरावाने तो वाढेल. मुलाखती दोन-तीन आठवडे थांबवा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं. नागपूरच्या शासकीय मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीतही दाखवता येईल.

वकिलाकडे किंवा कामगार कार्यालयात जाताना नेमणूकपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, सेवासमाप्तीचं पत्र, पीआयपीचे मेल आणि पीएफच्या सेवा-नोंदीची प्रिंट सोबत ठेवा. कंपनीचा मेल बंद झाला असेल आणि ते मेल तुमच्याकडे नसतील तर कुणा सहकाऱ्याकडून गुपचूप मागवू नका. त्याची नोकरी धोक्यात येते. ते कसे मागवायचे ते वकिलाला विचारा.